अ‍ॅनालॉग लॅबसाठी ऑसिलोस्कोप मागताना : एका मागणीपत्राच्या नोंदी

आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाची अ‍ॅनालॉग सर्किट्सची लॅब माझ्याकडे आहे. एप्रिलपासूनच्या अंदाजपत्रकात उपकरणं बसवायची असतील, तर मागणीपत्र फेब्रुवारीच्या सुरुवातीला विभागप्रमुखांच्या टेबलावर पोचावं लागतं. हे पत्र तयार होताना काय तपासलं, काय निघालं आणि मागणी कशी बदलत गेली, ते इथे लिहून ठेवतो आहे. दुसऱ्या कुठल्या लॅबमध्ये कोणी असंच पत्र लिहायला बसलं असेल, तर त्यांचा वेळ वाचावा.

६ जानेवारी

पहिला मसुदा मॅडमना दिला. मजकूर नेहमीचाच होता : उपकरणे जुनी झाली आहेत, विद्यार्थ्यांची गैरसोय होते, तरी दहा डिजिटल ऑसिलोस्कोप आणि दहा फंक्शन जनरेटर मिळावेत. मॅडमनी तो वाचून परत दिला. म्हणाल्या, "खरेदी समितीत मला पहिला प्रश्न येणार, की नेमका कोणता प्रयोग अडला आहे? त्याचं उत्तर यात कुठे आहे? 'जुनं झालं' हे काही कारण नव्हे, चालतंय तोवर चालवा म्हणतील."

त्यांचं म्हणणं पटलं. अभ्यासक्रमातला एकेक प्रयोग घेऊन, आत्ताच्या उपकरणांवर तो कुठे अडतो हे आधी बघायचं आणि मगच आकडा लिहायचा, असं ठरलं.

८ जानेवारी

डेड स्टॉक रजिस्टर काढून लॅब अटेंडंट मामांबरोबर सगळी उपकरणं टेबलावर मांडली. नोंदीप्रमाणे २० मेगाहर्ट्झचे दोन चॅनलचे दहा सीआरओ आहेत आणि १ मेगाहर्ट्झपर्यंत जाणारे दहा फंक्शन जनरेटर.

सीआरओ तपासायला फार काही लागत नाही. पुढच्या पॅनलवर कॅलिब्रेशनची खूण असलेली पिन असते, तिथून १ किलोहर्ट्झची चौकोनी लहर मिळते. ती एका चॅनलला द्यायची आणि व्होल्ट्स पर डिव्हिजनचा खटका एकेक घर फिरवत जायचं. प्रत्येक घरात लहरीची उंची हिशेबाप्रमाणे बदलते का ते पाहायचं आणि त्याच घरात खटका किंचित हलवून बघायचा. संपर्क झिजलेले असले, की लहर उडी मारते किंवा गायबच होते. टाइमबेसच्या खटक्याचंही तसंच. दोन सीआरओंचे खटके कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पुष्कळ सुधारले, त्यामुळे सरसकट सगळे मोडीत काढायची गरज नाही हेही कळलं.

शेवटी दोन्ही चॅनल नीट चालणारे चार सीआरओ हाती राहिले. तिघांचा एकच चॅनल चालतो. उरलेल्या तिघांत ट्रेसच येत नाही आणि त्यांचे सुटे भाग आता मिळत नाहीत. वीस जणांच्या बॅचला चार धड सीआरओ, म्हणजे एका टेबलाभोवती पाच जण. एक जोडणी करतो, एक नॉब फिरवतो आणि बाकीचे तिघे रीडिंग उतरवून घेतात.

१० जानेवारी

आजची गोष्ट मागणीपत्रात नव्हती, पण ती सापडल्यावर गप्प बसता येणार नव्हतं. तीन सीआरओंच्या मेन्स कॉर्डची अर्थची पिन कोणीतरी कापून टाकलेली होती.

असं का केलं असेल, ते शोधायला वेळ लागला नाही. आमच्याकडे ब्रिज रेक्टिफायरचा प्रयोग जनरेटरवरून सिग्नल देऊन करतात. जनरेटरच्या आउटपुटची काळी बाजू मेन्सच्या अर्थला जोडलेली असते आणि सीआरओच्या प्रोबची ग्राउंड क्लिपही अर्थलाच जोडलेली असते. विद्यार्थी ती क्लिप लोडच्या ऋण टोकाला लावतात. मग दोन उपकरणांच्या अर्थमधून ब्रिजचा एक डायोड शॉर्ट होतो आणि फुल-वेव्हऐवजी पडद्यावर हाफ-वेव्ह दिसतो. अर्थची पिन कापली की लहर बरोबर दिसते, म्हणून कोणीतरी तो रस्ता धरला.

हा रस्ता जिवावर बेतू शकतो. उपकरणाच्या आत काही बिघडून मेन्सचा फेज बॉडीवर आला, तर तो वाहून न्यायला अर्थ उरत नाही आणि नॉबला हात लावलेला मुलगा त्याच्या वाटेत येतो. मामांनी त्याच दिवशी तिन्ही कॉर्ड बदलल्या.

प्रयोग मात्र करायलाच हवा. त्याची सुरक्षित पद्धत अशी, की दोन्ही प्रोबच्या ग्राउंड क्लिपा जनरेटरच्या काळ्या टोकालाच लावायच्या. एका प्रोबचं टोक लोडच्या धन बाजूला, दुसऱ्याचं ऋण बाजूला. मग पडद्यावर दोन्हींची वजाबाकी बघायची. जुन्या सीआरओवर दुसरा चॅनल उलटा करून बेरीज केली की हेच होतं, नव्या डिजिटलमध्ये `CH1 - CH2` असा पर्याय असतो. यासाठी दोन्ही चॅनल चालू हवेत. एकच चॅनल चालणारे तीन सीआरओ या प्रयोगाला चालत नाहीत, हे पत्रातलं पहिलं ठोस वाक्य मिळालं.

१५ जानेवारी

आज कॉमन एमिटर अ‍ॅम्प्लिफायर घेतला. बीसी ५४७, कलेक्टरला ४.७ किलोओहम, आउटपुटला बाहेरचा लोड नाही. इनपुट १० मिलिव्होल्ट पीक-टू-पीक, १ किलोहर्ट्झला आउटपुट १ व्होल्ट, म्हणजे गेन १००. आता फ्रिक्वेन्सी वाढवत नेऊन आउटपुट ०.७ व्होल्टवर येतं ती वरची कटऑफ शोधायची.

ती २५० किलोहर्ट्झच्या आसपास निघाली. मुलांच्या जर्नलमध्येही वर्षानुवर्षं याच सुमाराचे आकडे आहेत. बीसी ५४७ साठी हा आकडा फारच कमी वाटला. जनरेटरचा रोध जेमतेम ५० ओहम असताना ट्रान्झिस्टरने इतक्या लवकर हार मानायला नको.

कारण टेबलावरच पडलेलं होतं. आमच्या लॅबमध्ये प्रोब नाहीत. मोडले, हरवले, आणि त्यांच्या जागी एका टोकाला बीएनसी आणि दुसऱ्या टोकाला मगरचिमटे असलेल्या केबली आल्या. अशा एक मीटर कोअ‍ॅक्सिअल केबलची कपॅसिटन्स १०० पिकोफॅरडच्या घरात असते. सीआरओच्या इनपुटची २५ आणि ब्रेडबोर्ड व ट्रान्झिस्टरची मिळून १० धरली, तर कलेक्टरवर १३५ पिकोफॅरड टांगलेले असतात. समोर ४.७ किलोओहम.

f = 1/(2πRC)

आकडे घातले की उत्तर २५० किलोहर्ट्झ येतं. म्हणजे इतकी वर्षं मुलं ट्रान्झिस्टरची नव्हे, केबलची कटऑफ मोजत होती. वाईट वाटलं, कारण जर्नलवर सह्या होत गेल्या आणि आकडा का येतो हे कोणी विचारलं नाही.

१७ जानेवारी

शेजारच्या लॅबमधून दहापटीचा एक प्रोब मागून आणला. त्याच्या टोकाला साधारण १५ पिकोफॅरड असतात. वापरायच्या आधी तो कॅलिब्रेशनच्या पिनला लावून त्याचा छोटा स्क्रू फिरवला, चौकोनी लहरीचे कोपरे ना गोल ना टोकदार, सरळ येईपर्यंत. हे न करता घेतलेलं रीडिंग उच्च फ्रिक्वेन्सीला चुकतं.

तोच अ‍ॅम्प्लिफायर, तोच सीआरओ. २५० किलोहर्ट्झला आउटपुट जवळपास पूर्ण १ व्होल्ट. ५०० किलोहर्ट्झनंतर कमी व्हायला लागलं. १ मेगाहर्ट्झजवळ आउटपुट ०.७ वर आलं आणि वाटलं, सापडली कटऑफ.

पण इनपुट पाहिलं तर तेही घसरलेलं होतं. जनरेटरची तबकडी शेवटच्या टोकाला नेली की त्याचा आउटपुट १० वरून ९ मिलिव्होल्टवर येतो. ०.७ व्होल्ट भागिले ९ मिलिव्होल्ट, म्हणजे गेन अजून ७८ आहे. कटऑफला तो ७१ व्हायला हवा. ती याच्याही पुढे आहे आणि पुढे जायला जनरेटरमध्ये जागाच नाही. हा प्रयोग जिथे अडतो ती जागा जनरेटर आहे, सीआरओ नाही.

प्रोबबद्दल एक बारीक गोष्ट, जी मुलांच्या प्रयोगपत्रिकेत आता घातली आहे. इनपुटला दहापटीचा प्रोब लावू नये. १० मिलिव्होल्टचे १ मिलिव्होल्ट होतात आणि पडद्यावर काही दिसत नाही. इनपुटला साधी केबल चालते, कारण तिथे रोध ५० ओहमचाच असल्याने केबलची कपॅसिटन्स बाधत नाही. दहापटीचा प्रोब कलेक्टरवर हवा.

२० जानेवारी

सीआरओ खरोखर कुठे कमी पडतात, ते आज पाहिलं. ७४१ चा स्लू रेट घेतला. तो दर मायक्रोसेकंदाला साधारण अर्धा व्होल्ट, म्हणजे १० व्होल्टची पायरी चढायला २० मायक्रोसेकंद. २० मेगाहर्ट्झच्या सीआरओचा स्वतःचा राइझ टाइम १७.५ नॅनोसेकंद. जुना सीआरओ इथे उत्तम काम करतो. ऑप-अँपच्या इतर प्रयोगांचंही तेच. त्यामुळे "बँडविड्थ अपुरी" हे वाक्य मी मसुद्यातून काढून टाकलं. समितीत इलेक्ट्रॉनिक्स जाणणारं कोणी बसलं असेल, तर त्या एका वाक्यावरून सगळं पत्र संशयात पडेल.

अडलं ते ५५५ च्या मोनोस्टेबलला. १०० किलोओहम आणि १० मायक्रोफॅरड, म्हणजे पल्स १.१ सेकंदाचा. सीआरओवर एक ठिपका पडद्यावरून सरकत जातो आणि मागे काही उरत नाही. मुलं मोबाईलच्या स्टॉपवॉचवर मोजतात. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर छापील किमतीपेक्षा वीस टक्के इकडेतिकडे असू शकतो, हीच तर या प्रयोगात शिकायची गोष्ट. पण बोट दाबायला लागणारा वेळ आणि कपॅसिटरची चूक वेगळी करता येत नाही. वीन ब्रिज ऑसिलेटर चालू होताना लहर हळूहळू मोठी होते, तेही असंच डोळ्यांदेखत निसटतं. एकदाच घडणारी गोष्ट धरून ठेवायला डिजिटल स्टोरेज लागतो. डिजिटल ऑसिलोस्कोप मागण्याचं आमच्या लॅबपुरतं खरं कारण हे आहे.

२४ जानेवारी

एका पुरवठादाराने दाखवायला एक डिजिटल ऑसिलोस्कोप आणि एक जनरेटर आणून दिला. ५५५ चा पल्स `Single` मध्ये लगेच पकडला गेला. आधी `Auto` मध्ये ठेवलं होतं तेव्हा पडदा सारखा पुसला जात होता. मुलंही हेच करतील, म्हणून प्रयोगपत्रिकेत टीप हवी.

जनरेटरवर १० मिलिव्होल्ट लावले आणि ऑसिलोस्कोपवर २० दिसले. पुरवठादाराच्या माणसाला वाटलं उपकरण बिघडलं. बिघाड नव्हता. जनरेटर असं धरून चालतो की समोर ५० ओहमचा लोड आहे आणि निम्मं व्होल्टेज आपल्याच आतल्या ५० ओहमवर पडणार आहे. ऑसिलोस्कोपचा इनपुट १ मेगाओहमचा, तिथे काहीच पडत नाही, म्हणून दुप्पट. मेनूमध्ये लोड `High-Z` केला की आकडे जुळतात. ही सोय जनरेटरमध्ये असावी, अशी अट घातली. नाहीतर दर बॅचला अर्धी मुलं गेन दुप्पट किंवा निम्मा लिहितील.

त्याच जनरेटरवर कॉमन एमिटरची खरी कटऑफ अखेर मिळाली, १.२ मेगाहर्ट्झ. इनपुट शेवटपर्यंत १० मिलिव्होल्टवर स्थिर होतं.

३० जानेवारी

तांत्रिक अटी लिहिल्या. कंपनी किंवा मॉडेलचं नाव घालायचं नाही, सगळीकडे "किमान" म्हणायचं. नाव घातलं की एकाच पुरवठादाराला धरून अटी लिहिल्याचा आक्षेप येतो.

आकडे लिहिताना दोन ठिकाणी सावध राहावं लागलं. सॅम्पलिंगचा वेग माहितीपत्रकात एक चॅनल चालू असतानाचा छापतात. दोन्ही चालू केले की पुष्कळ मॉडेलांत तो निम्मा होतो, म्हणून "दोन्ही चॅनल चालू असताना" हे शब्द हवेतच. तसंच जनरेटरच्या जास्तीत जास्त व्होल्टेजचं. २० व्होल्ट पीक-टू-पीक लिहिलेलं असतं, पण ते कोणत्या फ्रिक्वेन्सीपर्यंत आणि कोणत्या लोडला, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

तीन कोटेशनं आली आणि तुलनात्मक तक्ता केला. अटींत बसणाऱ्यांत सर्वांत कमी दर ऑसिलोस्कोपला ३२,००० आणि जनरेटरला १८,००० निघाला, वर १८ टक्के जीएसटी.

मागणी दहावरून सहावर आणली. चांगले चार सीआरओ आणि त्यांच्याबरोबरचे जनरेटर ऑप-अँपच्या प्रयोगांना पुरतात. नवे सहा संच आले की दहा टेबलं होतात आणि प्रत्येकावर दोघंच.

४ फेब्रुवारी

पत्र दिलं. जसंच्या तसं उतरवतो :

> प्रति,
> मा. विभागप्रमुख,
> इलेक्ट्रॉनिक्स व दूरसंचार अभियांत्रिकी विभाग
>
> विषय : अ‍ॅनालॉग सर्किट्स प्रयोगशाळेसाठी डिजिटल ऑसिलोस्कोप व फंक्शन जनरेटर मिळणेबाबत
>
> महोदया,
>
> प्रयोगशाळेतील दहा सीआरओंपैकी चार पूर्णपणे चालू, तीन एका चॅनलवर चालू व तीन बंद आहेत. वीस विद्यार्थ्यांच्या बॅचमध्ये सध्या एका टेबलावर पाच विद्यार्थी काम करतात.
>
> पुढील प्रयोग सध्याच्या उपकरणांवर योग्य रीतीने होत नाहीत. (१) कॉमन एमिटर अ‍ॅम्प्लिफायर : वरची कटऑफ १ मेगाहर्ट्झच्या पुढे असून आपले जनरेटर तेथपर्यंत जात नाहीत व त्याआधीच त्यांचा आउटपुट घसरतो. (२) मोनोस्टेबल व वीन ब्रिज : एकदाच घडणारी लहर साठवण्याची सोय नाही. (३) ब्रिज रेक्टिफायर : सुरक्षित मोजणीसाठी दोन्ही चॅनल आवश्यक आहेत. ऑप-अँपचे प्रयोग चालू स्थितीतील सीआरओंवर होतात, त्यांच्यासाठी मागणी नाही. मोजणीची रीडिंग सोबत जोडली आहेत.
>
> मागणी : (अ) दोन चॅनलचा डिजिटल ऑसिलोस्कोप, किमान ५० मेगाहर्ट्झ, दोन्ही चॅनल चालू असताना सेकंदाला किमान ५० कोटी सॅम्पल, २ मिलिव्होल्ट प्रति डिव्हिजन, एकपट-दहापट प्रोब दोन : ६ नग, १,९२,००० रु. (आ) फंक्शन जनरेटर, साइन किमान १० मेगाहर्ट्झ, ५ मेगाहर्ट्झपर्यंत आउटपुटमधील फरक १० टक्क्यांच्या आत, लोड निवडण्याची सोय : ६ नग, १,०८,००० रु. (इ) चालू सीआरओंसाठी एकपट-दहापट प्रोब : ८ नग, ४,८०० रु. एकूण ३,०४,८०० रु., जीएसटी ५४,८६४ रु., एकंदर ३,५९,६६४ रु.
>
> निधी टप्प्याने उपलब्ध होणार असल्यास (इ) प्रथम, त्यानंतर (आ) व (अ) यांचे संच असा क्रम ठेवावा, ही विनंती. बंद असलेल्या तीन सीआरओंच्या निर्लेखनाचा प्रस्ताव स्वतंत्रपणे सादर करीत आहे.
>
> आपला विश्वासू,
> प्रयोगशाळा निदेशक

मॅडमनी उभ्या उभ्या वाचलं आणि विचारलं, "प्रोब सगळ्यात आधी का?" १५ आणि १७ जानेवारीची रीडिंग शेजारी ठेवून दाखवली. ४,८०० रुपयांत चार टेबलांवरचे आकडे सुधारतात हे त्यांना लगेच पटलं. म्हणाल्या, "हे माझ्या अधिकारात आहे, उद्याच मागवा." त्यांनी पत्रावर शिफारस लिहून ते पुढे पाठवलं.

१९ फेब्रुवारी

समितीत मलाही बोलावलं होतं. कोणता प्रयोग अडला आहे हा प्रश्न आलाच नाही, कारण त्याचं उत्तर पत्रात होतं. विचारलं ते असं, की संगणकाला जोडायचे यूएसबी ऑसिलोस्कोप स्वस्त पडतील, ते का नकोत. मी सांगितलं, की प्रत्येक टेबलावर एक संगणक लागेल, त्याचा खर्च धरला तर बचत उरत नाही. शिवाय अशा बहुतेक ऑसिलोस्कोपचं ग्राउंड यूएसबीतून संगणकाच्या बॉडीला जोडलेलं असतं. दुसऱ्या वर्षाच्या मुलाने क्लिप चुकीच्या जागी लावली, तर संगणकाचा पोर्ट जाऊ शकतो.

दुसरा प्रश्न वॉरंटीचा होता. ऑसिलोस्कोपला तीन वर्षं आणि दुरुस्तीच्या काळात पर्यायी उपकरण, ही अट त्यांनी स्वतः घातली. ती मला सुचायला हवी होती असं नाही, पण पुढच्या पत्रात ती पहिल्यापासून असेल.

३ मार्च

या वर्षी चार संच मंजूर झाले, दोन पुढच्या अंदाजपत्रकात. प्रोब धरून खर्च २,४१,६६४ रुपये. चार नवे आणि चार जुने मिळून आठ टेबलं होतात. चार टेबलांवर तिघं आणि चारांवर दोघं बसवले की वीस जण मावतात. अ‍ॅम्प्लिफायर आणि ५५५ नव्या टेबलांवर, ऑप-अँप जुन्यावर आणि पुढच्या आठवड्यात अदलाबदल, असं वेळापत्रक लावलं आहे.

प्रोब आधीच आले आहेत. ते बीएनसीपाशी रंगीत पट्टी लावून टेबलाला नेमून दिले, कारण एका सीआरओवर जुळवलेला प्रोब दुसऱ्यावर पुन्हा जुळवावा लागतो.

संच आल्यावर पुरवठादाराच्या बिलावर सही करण्याआधी प्रत्येक नगावर करायची तपासणी लिहून मामांकडे दिली आहे. जनरेटर `High-Z` वर, १ व्होल्ट लावून १ किलोहर्ट्झ ते ५ मेगाहर्ट्झ आउटपुट किती बदलतो ते बघायचं. ऑसिलोस्कोपचे दोन्ही चॅनल चालू ठेवून सॅम्पलिंगचा आकडा पडद्यावर वाचायचा. प्रोब जुळवायचे. आणि मल्टीमीटरने अर्थच्या पिनेपासून बीएनसीच्या बाहेरच्या कड्यापर्यंत सलग जोड आहे का ते मोजायचं.